भाडेकरूला विक्रीची सूचना आणि घर दाखवण्याच्या वेळा

> «फ्लॅट विकायला काढला आहे, कराराचे सात महिने शिल्लक आहेत. भाडेकरूला काय कळवू? ग्राहक तर कधीही येतील.»

ग्राहक वाटेल तेव्हा येणार नाहीत, ही हमीच आपल्या पत्रात सर्वप्रथम असावी. घर आपल्या मालकीचे असले तरी करार संपेपर्यंत त्याचा ताबा भाडेकरूकडे आहे, त्यामुळे पूर्वसूचना देऊन आणि त्यांच्या सोयीची वेळ ठरवूनच आत जावे. करारात याविषयी कलम असल्यास ते आधी वाचावे.

मी स्वतः असे पत्र दिले होते. बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी अकरा ते एक या दोनच वेळा भाडेकरूंशी बोलून ठरवल्या, प्रत्येक भेटीची सूचना किमान 24 तास आधी देण्याचे आणि स्वतः हजर राहण्याचे लिहून दिले. तरीही एकदा दलालाने माझ्याकडून घेतलेल्या जादा किल्लीने, भाडेकरू घरी नसताना, दोघा ग्राहकांना घर दाखवले, आणि त्यानंतर भाडेकरूंचा माझ्यावरचा विश्वास परत मिळवायला मला फार वेळ लागला. म्हणून किल्ली दलालाला मुळीच देऊ नये. जाहिरातीसाठी छायाचित्रे काढतानाही त्यांची संमती घ्यावी, कारण त्यांत त्यांचे सामान, मुलांचे फोटो, कागदपत्रे दिसतात.

भाडेकरूंना सर्वाधिक चिंता घर सोडावे लागण्याची असते. उरलेली मुदत आणि अनामत रकमेची जबाबदारी विक्रीनंतर कोणाकडे राहील, हे वकिलाकडून तपासून त्याच पत्रात स्पष्ट लिहावे, आणि खरेदीदारालाही कराराची प्रत आधीच द्यावी.