ग्रूप मेलवर नको ते लिहून बसलो, माफी कशी मागू? (मसुदा दिला आहे)

चकलीचोर (अंधेरी)

आमच्या टीमच्या २६ जणांच्या मेलवर पावसाळी सहलीची चर्चा चालू होती. कोणी लोहगड म्हणत होतं, कोणी कर्नाळा. अकाउंट्समधले एक ज्येष्ठ सहकारी आहेत, लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर लावून चालतात. त्यांनी "मीही येतोय" एवढंच लिहिलं. त्यावर मी रिप्लाय ऑल करून लिहिलं, "सर येणार असतील तर गड विसरा, एस्केलेटरवाला मॉल शोधा."

एकाने हसरा चेहरा टाकला. मग सगळं गप्प. सर रोज निघताना माझ्या टेबलावर टकटक करून "निघतो रे" म्हणतात. काल टकटक झाली नाही.

आज सकाळीच मेल टाकायचा आहे. मसुदा असा:

"मित्रांनो, काल माझ्याकडून गमतीत काहीतरी लिहिलं गेलं. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो. सर मला मोठ्या भावासारखे आहेत, हेतू मुळीच वाईट नव्हता. महिनाअखेरीच्या गडबडीत भान राहिलं नाही. सर मोठ्या मनाने माफ करतील अशी आशा."

बरा आहे का? की इंग्रजीत लिहू, जरा ऑफिशियल वाटेल?

ठाणेकर७२

आधी तो मेल रिकॉल कर. आणि लेखी माफी अजिबात नको. लेखी माफी म्हणजे कबुली. उद्या एचआरकडे गेलं तर तुझाच कागद तुझ्यावर उलटेल. तोंडी सॉरी म्हण, विषय संपला.

भटकी_जमात

पावसाळ्यात लोहगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं बरं का. कर्नाळ्याला पक्षी अभयारण्याच्या रस्त्याने पायथ्यापर्यंत गड न चढताही फिरता येतं. वीकडेला जा, गर्दी कमी.

निवृत्त_पर्सोनेल

मी बावीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली. असे मसुदे ढिगाने वाचलेत.

आधी ठाणेकरांचं. आउटलुकचा रिकॉल आपल्याच कंपनीच्या मेलबॉक्सपुरता चालतो आणि एका रात्रीत बहुतेकांनी मेल वाचलेला असतो. वर रिकॉलची सूचना गेली की ज्याने वाचला नव्हता तोही शोधून वाचतो. जीमेलचं अनडू तर जास्तीत जास्त ३० सेकंदांचं. कबुलीची भीतीही फुकाची आहे, कारण मूळ वाक्य तुमच्या नावाने २६ जणांकडे आहेच. हं, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे आणि लोकांसमोर अपमान करण्याच्या हेतूने केलेला अपमान हा त्यात गुन्हा आहे. तुमचं वाक्य त्यात बसेल का, हे मी ठरवणार नाही. पण त्या धास्तीने माफी मागू नका, आणि त्या धास्तीने टाळूही नका.

आता मसुदा. "माझ्याकडून लिहिलं गेलं" यात लिहिणारा माणूसच गायब आहे. मराठीत ही सोय फार आहे: गेलं, झालं, घडलं. "मी लिहिलं" म्हणा. "दुखावल्या असतील तर" मधला "तर" काढा. काल टकटक झाली नाही, हे तुम्हीच सांगताय ना, मग "असतील तर" कशाला? "मोठ्या भावासारखे" हे त्यांच्याबद्दल नसून तुमच्या चांगुलपणाबद्दल आहे. गंमत, हेतू, महिनाअखेर या तीनही सबबी आहेत. खऱ्या असतील, तरी सबबीच.

शेवटचं वाक्य तर मुळीच नको. "माफ करतील अशी आशा" म्हटलं की २५ माणसं सरांकडे बघणार, आता हे काय उत्तर देतात म्हणून. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकींनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक लोकांना तोलायला लावले होते. सगळ्यात वजनदार ठरलं "चूक माझी आहे" हे सांगणं आणि सगळ्यात हलकं ठरलं क्षमेची याचना. माझा अनुभवही तोच.

भाषा: टोमणा मराठीत मारलात, माफीही मराठीत मागा. सॉरी आपण लोकलमध्ये धक्का लागला तरी म्हणतो.

पण मेल दुसरा. आधी सरांना एकट्याला भेटा आणि विचारा, ग्रूपवर लिहू का, आणि काय लिहिलेलं चालेल. त्यांनी नको म्हटलं तर सगळंच नव्याने बघू.

गोरेगावची_सुमा

विचाराच, खरंच. आमच्या सोसायटीच्या मेलवर एकाने माझ्या घटस्फोटावरून शेरा मारला होता. दुसऱ्या दिवशी लांबलचक माफी आली, त्यात तो शेरा पुन्हा अवतरणचिन्हांत! ज्यांनी वाचला नव्हता त्यांनीही वाचला. मग "जाऊ दे रे", "तुझं मन मोठं" असे अकरा मेल, सगळे त्याला. मला एकही नाही.

निवृत्त_पर्सोनेल

सुमाताईंचं लक्षात ठेवा. त्याच साखळीत उत्तर द्या, म्हणजे तेवढ्याच लोकांना जाईल, पण खालची जुनी मेलसाखळी पुसून टाका. नाहीतर माफीच्या शेपटीला तेच वाक्य लोंबकळत राहतं.

चकलीचोर

भेटलो. चहाच्या मशीनपाशी नको म्हणून जिन्यात थांबलो, मग लक्षात आलं की जिन्यात त्यांना उभं करणं हाही मूर्खपणाच. मीटिंग रूममध्ये बसलो. मी म्हटलं, "सर, काल मी तुमचा अपमान केला. माझी चूक आहे." ते जरा वेळ पेनचं टोपण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "लिही ग्रूपवर. पण माझ्या पायाबद्दल एक शब्द नको. कालच पुरेसा झाला."

आता अडलोय. पायाचं न लिहिता नेमकं कसं लिहू? "अयोग्य वाक्य" म्हटलं तर गुळमुळीत वाटतं. आणि सहल ठरवणाऱ्या तिघांतून मी बाहेर पडतो, असंही टाकू का?

निवृत्त_पर्सोनेल

बाहेर पडू नका. स्वतःला शिक्षा केली की लोक तुमची समजूत काढायला धावतात. नेमकेपणा पायात नाही. एक माणूस येतो म्हणाला आणि त्याने यावं की नाही यावर तुम्ही शेरा मारलात, चूक ती आहे. तेवढंच लिहा.

ठाणेकर७२

लेखीचं मला अजून पटत नाही. पण आधी भेटलास हे बरं केलंस.

चकलीचोर

११:४० ला पाठवला:

"काल सर सहलीला येतो म्हणाले, त्यावर मी त्यांची टिंगल करणारं वाक्य लिहिलं. ते अपमानास्पद होतं आणि चूक पूर्णपणे माझी आहे. सर, मी तुमची माफी मागतो. इथे कोणी उत्तर देऊ नये ही विनंती. ठिकाणं सुचवताना सर्वांना जमेल असं बघायचं काम माझं होतं, ती यादी मी आज संध्याकाळपर्यंत पाठवतो."

तरी एकाने अंगठा टाकलाच. काल हसरा चेहरा टाकणाराही तोच.

गोरेगावची_सुमा

शेवटचं वाक्य आवडलं. त्या अंगठेवाल्याशी कोण बोलणार पण?

निवृत्त_पर्सोनेल

आज तुम्ही नको. आज तुम्ही बोललात तर स्वतःचं ओझं वाटून घेतल्यासारखं दिसेल. तुमच्या मॅनेजरनी बोलावं, असं माझं मत. इथे कोणाचं वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.

चकलीचोर

मॅनेजरना सांगितलंय, बघू म्हणाले. सर आज लवकर निघाले, टकटक नाही. संध्याकाळच्या यादीत कर्नाळ्याचा पायथा टाकलाय. भटकी_जमात, तिथपर्यंतचा रस्ता सपाट आहे का चढाचा?