मदत हवी आहे: निर्णयवृक्षाची आकृतीच नाही, उत्तर कसं काढू?

बीबीए_दुसरं_वर्ष: उद्या पेपर आहे. सराव संचात प्रश्न आहे, मोठा कारखाना काढावा की छोटा, अपेक्षित मूल्यावरून ठरवा. ‘सोबतची आकृती पाहा’ म्हटलंय, पण पीडीएफमध्ये तिथे नुसता पांढरा चौकोन. मोठ्याचा खर्च ५० लाख, छोट्याचा २० लाख. कोणता निवडू? लवकर सांगा.

रेवा_क: नुसत्या खर्चावरून कसं सांगणार? मागणीची शक्यता आणि रकमा कुठे आहेत?

बीबीए_दुसरं_वर्ष: त्या मजकुरात आहेत. जास्त मागणीची शक्यता ०.६. मोठ्यात जास्त मागणीला १२० लाख, कमीला ३०. छोट्यात ७० आणि ४०.

नाना_हिशेबनीस: मग आकृती हवीच कशाला? कमी मागणी ०.४. मोठ्याचे ७२ अधिक १२, म्हणजे ८४. छोट्याचे ४२ अधिक १६, ५८. मोठा घे.

रेवा_क: नाना, खर्च राहिला. ८४ मधून ५० गेले की ३४ उरतात, ५८ मधून २० गेले की ३८. छोटा पुढे जातो.

नाना_हिशेबनीस: फांदीच्या टोकाला खर्च वजा जाऊनच रक्कम लिहितात. आम्ही तसंच शिकलो.

रेवा_क: काही पुस्तकांत तसं असतं, काहींत खर्च फांदीवर वेगळा लिहितात. आकृती नसल्यामुळे नेमकं तेच कळत नाही. मजकुरात त्या रकमांना ‘नफा’ म्हटलंय की ‘उत्पन्न’?

घरगुती_मसाले: माझं ऐका, छोट्यापासूनच सुरुवात करा. आम्ही आधी मसाला कुटायचा एकच डंख घेतला, ऑर्डरी वाढल्यावर दुसरा. कर्जाचा हप्ता मागणीची वाट बघत नाही.

बीबीए_दुसरं_वर्ष: ताई, ‘उत्पन्न’ लिहिलंय. आणि शेवटी एक ओळ आहे, ती मला बिनकामाची वाटली होती: ‘छोट्या कारखान्यात मागणी जास्त निघाल्यास २५ लाखांत विस्तार करता येईल.’

रेवा_क: ती बिनकामाची नाही! म्हणजे छोट्याच्या जास्त मागणीच्या फांदीवर निर्णयाचा आणखी एक चौकोन होता. विस्तारानंतरचं उत्पन्न आकृतीसोबत गेलं असणार. ते ९५ लाखांच्या वर असेल तरच विस्तार परवडतो, कारण विस्तार न करताही ७० मिळतातच. पण परवडला नाही तर तो करायचाच नाही, म्हणून छोट्याचे ३८ कमी होत नाहीत, झाले तर वाढतील. ‘उत्पन्न’ धरलं तर निवड छोटाच. आधी हे गृहीतक लिही, मग आकृती स्वतः काढ.

नाना_हिशेबनीस: ‘उत्पन्न’ असेल तर मान्य. पण ०.६ हा अंदाज कोणाचा? विस्तार बाजूला ठेवला तर दोन तृतीयांशाला दोन्ही सारखे होतात, त्याच्या वर मोठा पुढे. फरक फार थोडा आहे.

मोबाइलवाला: पीडीएफ दुसऱ्या ॲपमध्ये उघडून बघ, कधी कधी चित्र दिसतं.

बीबीए_दुसरं_वर्ष: उघडलं, तरी चौकोनच. विस्ताराचं उत्पन्न ‘क्ष’ धरून लिहिलं तर गुण देतात का?