मदत हवी आहे: कोचिंगच्या मेसेजमध्ये फी परत द्यायचं नक्की कबूल केलं होतं की नाही?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी, इंदोरला भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये मुलीला नीटसाठी घातलं होतं. नाव नाही लिहीत. एकूण 1,18,000 भरले, पावतीवर रजिस्ट्रेशन 10,000, ट्यूशन 80,000, मटेरियल 10,000 आणि वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 18,000 असं लिहिलंय. मुलीला तिथे नाही जमलं, रोज रडत घरी यायची, शेवटी आम्हीच म्हटलं की बाई सोड. आता क्लासवाले म्हणतात फी परत मिळणार नाही, पुढच्या बॅचमध्ये अ‍ॅडजस्ट करू. पण मला तर आधी स्पष्ट सांगितलं होतं! मेसेज सगळे आहेत, जसेच्या तसे टाकतो, तुम्ही वाचून सांगा की यात खरंच गारंटी होती की मीच चुकीचं समजलो.

20 मार्च, काउन्सेलरच्या नंबरवरून: "सर 15 दिन बच्ची क्लास करके देख ले, नहीं जमा तो पूरी फीस वापस, मेरी गारंटी।"

23 मार्च, क्लासच्या नंबरवरून: "15 दिन के डेमो पीरियड में विड्रॉल करने पर ट्यूशन फीस रिफंडेबल। रजिस्ट्रेशन और मटेरियल नॉन-रिफंडेबल।"

24 मार्चला मी पैसे भरले. संध्याकाळी पावती आली, सोबत एक लिंक आणि "टी एंड सी लागू". बॅच 7 एप्रिलला सुरू झाली. 19 एप्रिलला मी क्लासच्याच नंबरवर लिहिलं की मुलीचं नाव काढायचंय. उत्तर आलं: "नोट कर लिया है सर, सेंटर आकर फॉर्म भर दीजिए, फीस आपकी सेफ है।" मधे घरी पाहुणे होते म्हणून मी 24 तारखेला जाऊन फॉर्म भरला. 2 मेला मेसेज: "विड्रॉल 15 दिन के बाद आया है, रिफंड पॉसिबल नहीं, अमाउंट नेक्स्ट बैच में एडजस्ट हो सकता है।"

वर्षभराची बचत होती हो ती. सांगा काय करू.

रामबागवाला

अहो यात विचार काय करायचा, केंद्र सरकारचा कायदाच आहे की मुलगा मधेच सोडून गेला तर उरलेल्या दिवसांची फी 10 दिवसांत परत द्यायची. 2024 मध्ये आला. सरळ जाऊन तोंडावर सांगा, देतील.

जुनी_काउन्सेलर

दादा, मी अशाच एका क्लासमध्ये 6 वर्षं फ्रंट ऑफिसला होते म्हणून ही भाषा ओळखते. "सेफ है" म्हणजे परत मिळेल असं नाही. आम्हाला सांगितलेलंच असायचं की पालक तापलेला असेल तर "रिफंड" शब्द लिहायचा नाही, "सेफ" लिहायचं, म्हणजे पालक शांत होतो आणि आपण काही कबूल केलेलं नसतं. त्याचा अर्थ अ‍ॅडजस्टमेंट. तेव्हा 19 तारखेच्या उत्तरात तुम्हाला पैशाचं काहीच वचन नाहीये, तो भाग विसरा. आणि वाईट वाटेल पण काउन्सेलरच्या शब्दाला काही किंमत नसते, छापील पॉलिसीत जे असेल तेच चालतं. लिंक उघडून बघितली का?

सुदामानगरकर

बघितली ताई. त्यात लिहिलंय "फीस किसी भी परिस्थिति में वापस नहीं होगी". वाचून पोटात गोळाच आला. म्हणजे संपलं का?

अहिल्या_१२

दादा, नाही संपलं. मी जिल्हा ग्राहक आयोगातल्या तक्रारींचे कागद तयार करते, असले मेसेज रोज हातात येतात. शांतपणे वाचू या.

मेसेज वाचताना मी सगळ्यात आधी पैसे भरल्याची तारीख शोधते आणि तिथे एक रेघ मारते. रेघेच्या आधी जे सांगितलं त्यावर भरवसा ठेवून तुम्ही पैसे दिले. रेघेनंतर जे पाठवलं ते तुम्ही कबूल केलं असं म्हणता येत नाही, कारण तोवर पैसे त्यांच्या खात्यात गेलेले. तुमची रेघ 24 मार्च. 20 आणि 23 चे मेसेज आधीचे, "किसी भी परिस्थिति में" वाली लिंक नंतरची. म्हणून जुनी_काउन्सेलर ताईंचं "सेफ" बद्दलचं अगदी बरोबर आहे पण छापील पॉलिसीच चालते हे तितकं खरं नाही. एकतर्फी अटीला आयोग बांधलेला नसतो, 2019 च्या ग्राहक कायद्यात तशा कराराविरुद्ध तरतूदच आहे. आणि कोचिंग क्लास ग्राहक कायद्याखाली येतात हे राष्ट्रीय आयोगानं 2020 मध्ये सांगितलंय, शाळा-कॉलेजसारखे ते बाहेर नाहीत.

आता रेघेआधीचे दोन मेसेज एकमेकांशेजारी ठेवा. पहिला म्हणतो "पूरी फीस". दुसरा, क्लासच्या नंबरवरचा, तेच आकसून "ट्यूशन फीस" करतो आणि बाकीचं नॉन-रिफंडेबल म्हणतो, आणि तो वाचूनच तुम्ही दुसऱ्या दिवशी पैसे भरलेत. म्हणून पूर्ण 1,18,000 वर अडून बसू नका, तिथे ते तुम्हाला पकडतील. पण ट्यूशनचे 80,000 हे क्लासनं स्वतःच्या नंबरवरून, तुमच्या पैशाआधी, 15 दिवसांची अट घालून कबूल केलेले आहेत. तुमची गारंटी ती आहे.

सुदामानगरकर

पण 15 दिवस तर होऊन गेले असं ते म्हणतायत ना? पैसे भरल्यापासून मोजलं तर कधीच झाले.

अहिल्या_१२

हो, सगळं तिथेच अडलंय, म्हणून बोटांवर मोजू. 24 मार्च पहिला दिवस धरला तर 15 वा दिवस येतो 7 एप्रिल. म्हणजे क्लास ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी मुदत संपली! मग मुलगी 15 दिवस "क्लास करके देखणार" कुठे? तो अर्थ लावला तर त्यांच्याच वाक्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय "डेमो पीरियड" हे शब्दच वर्गात बसण्याबद्दल आहेत. म्हणून मोजणी 7 एप्रिलपासून. 15 वा दिवस 21 एप्रिल.

आता शेवट कुठला धरायचा? तुमचा मेसेज 19 चा, तो 13 वा दिवस. फॉर्म 24 चा, तो 18 वा. ते फॉर्म धरतायत. पण 23 मार्चच्या मेसेजमध्ये "विड्रॉल करने पर" आहे, फॉर्मचं नाव नाही, आणि 19 ला त्यांनी "नोट कर लिया है" लिहून मिळाल्याचं कबूल केलं. फॉर्म अमुक तारखेच्या आत भरा असंही लिहिलं नाही. त्या "सेफ है" मध्ये वचन नसेल पण "नोट कर लिया" मध्ये तारीख आहे, तुम्हाला तीच हवीय. तरी हे आयोगासमोर वादाचं होईल, पक्कं मिळेलच असं नाही म्हणत मी. 20 लाच गेला असतात तर वादच उरला नसता.

तिलकनगर_आई

आमच्या मुलानं मागच्या वर्षी इंजिनिअरिंग कॉलेजची सीट सोडली तर 1000 रुपये कापून सगळे परत आले होते, तुम्ही पण यूजीसीकडे लिहा ना.

अहिल्या_१२

मावशी, ते नियम कॉलेज-युनिव्हर्सिटीचे, कोचिंगला लागत नाहीत. आणि रामबागवाला दादा, तुम्ही म्हणता ते जानेवारी 2024 चे शिक्षण मंत्रालयाचे दिशानिर्देश. उरलेल्या काळाची फी प्रमाणात 10 दिवसांत परत, हे त्यात आहेच. पण केंद्रानं ते राज्यांकडे पाठवलेत, ते स्वतः कायदा नाहीत. पत्रात जरूर लिहा, वजन पडतं, पण फक्त त्याच्यावर उभे राहू नका.

मात्र त्याचा दुसरा उपयोग आहे. समजा 15 दिवसांचा मुद्दा तुम्ही हरलात. तरी न शिकवलेल्या महिन्यांची फी ठेवून का घेतली हा प्रश्न उरतोच. कोर्स किती महिन्यांचा?

सुदामानगरकर

एप्रिल ते जानेवारी, 10 महिने.

अहिल्या_१२

मग महिन्याला ट्यूशन 8,000. मुलगी अर्धा महिना बसली, 4,000 गेले, 76,000 उरले. म्हणजे पत्रात मागणी 80,000 ची, आणि "ते नाही तर निदान 76,000" अशी. दोन्ही लिहा. मटेरियलचे सगळे संच मिळाले का? न मिळालेल्या पुस्तकांचे पैसे वेगळे मागा.

हिशोबवाला

4 पैकी 1 संच मिळाला असेल तर 7,500 मागता येतील. आणि जीएसटी सोडू नका भिया, 80,000 वर 14,400 होतात. क्लास म्हणेल सरकारला भरला, पण सेवा रद्द झाली तर त्यांना क्रेडिट नोट काढता येते, त्याला मुदत असते म्हणून लवकर मागा.

सुदामानगरकर

संच एकच मिळाला, बरोबर ओळखलंत.

अहिल्या_१२

जीएसटी मागा, पण त्यावर क्लासवाले हमखास भांडतात, माझ्या पाहण्यात दोन्ही झालंय.

विजयनगर_पालक

माझं वेगळंच झालं. फी ईएमआयवर होती, क्लास सोडला तरी हप्ता खात्यातून कापला जातोय. फायनान्स कंपनी म्हणते आमचा क्लासशी संबंध नाही. सुदामानगरकर, तुमचं तसं नाही ना?

सुदामानगरकर

नाही, सगळे बँकेतून ट्रान्सफर केले. तुमचं ऐकून वाईट वाटलं हो.

अहिल्या_१२

पालक, तुमचा कर्जाचा करार वेगळा वाचावा लागेल, नवीन धागा काढा, इथे दोन्ही मिसळतील.

दादा, आता एक महत्त्वाचं. 24 तारखेचा फॉर्म, त्यात खाली काय लिहिलं होतं? "मैं अपनी मर्जी से जा रहा हूँ, कोई दावा नहीं करूँगा" असलं काही? कॉपी आहे का?

सुदामानगरकर

सही केली. कॉपी नाही घेतली. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, घाईत वाचलं नाही.

जुनी_काउन्सेलर

आमच्याकडे ती ओळ होती. पण एक सांगू, फॉर्मवर "कारण" ची जागा असते, तिथे तुम्ही स्वतः काय लिहिलंत ते आठवा. "घरगुती कारण" लिहिलं असेल तर ते तेच दाखवतील.

सुदामानगरकर

"क्लास सूट नहीं हुआ" लिहिलं होतं, इतकं नक्की आठवतंय.

अहिल्या_१२

छान, ते 20 आणि 23 मार्चच्या मेसेजशी जुळतं. उद्याच क्लासच्या नंबरवर आणि ईमेलवर फॉर्मची कॉपी मागा, नाही दिली तर तेही लेखी राहील. त्याआधी मेसेज आपोआप गायब होण्याचं सेटिंग बंद करा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि स्क्रीनशॉट घेताना वरचा नंबर आणि तारीख कापू नका. फोन बदलायचा असला तर थांबा. काउन्सेलरचा नंबर त्याचा खासगी आहे की क्लासच्या पत्रकावरही आहे ते बघा, पत्रकावर असेल तर त्याचा शब्द क्लासचा नाही असं म्हणणं त्यांना जड जाईल.

मग एक पत्र, 15 दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन, ते मधे पडून बोलतात, आदेश देत नाहीत. पुढे जिल्हा आयोग, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन, 5 लाखांपर्यंत तक्रारीची फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. "नेक्स्ट बैच में एडजस्ट" ला हो म्हणून काही लिहू नका, साधं "ओके" सुद्धा नको.

सुदामानगरकर

ताई, 2 मेच्या मेसेजला मी अंगठा दिला होता. वाचलं म्हणून, होकार म्हणून नाही. त्यानं बिघडेल का?

अहिल्या_१२

आजच तिथे लिहा की अ‍ॅडजस्टमेंट मान्य नाही, ट्यूशन फी खात्यात हवी. अंगठ्याच्या नंतर लगेच नकार लेखी आला तर बरं. ते अंगठा होकार म्हणून दाखवतील का, बहुतेक दाखवतील.

सुदामानगरकर

लिहिलं. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. फॉर्मसाठी सोमवारी या म्हणाले, मुलीला घेऊन जाऊ की एकटाच?

तिलकनगर_आई

एकटेच जा हो, तिला परत त्या जिन्यावर नका चढवू.