विषय: पुन्हा: सहलीच्या वर्गणीची बेरीज ६० ने जास्त

मीनल:
स्टेटमेंटवर या महिन्याची निव्वळ वाढ ७८० आहे आणि शीटमधला SUM ८४० दाखवतोय. B2 ते B8 मध्ये क्रमाने २५०, ४००, −४०, १५०, −६०, ३००, −२२० अशा नोंदी आहेत. कागदावर बेरीज केली तर ७८०च येते. मग शीट कुठे चुकतेय? सभा शनिवारी आहे.

सुहास:
फरक सम आहे, म्हणजे एखादं चिन्ह उलटं पडलंय. वजा रक्कम जमेत धरली गेली की फरक दुप्पट येतो. ६० चे निम्मे ३०, तेव्हा ३० ची नोंद शोध.

विद्या:
सुहास, दुपटीचा नियम खरा आहे, पण यादीत ३० कुठेच नाही. −६० च्या जागी +६० पडले असते तर बेरीज ९०० आली असती, म्हणजे फरक १२०. इथे फरक नेमका ६० आहे. नोंद उलटी पडलेली नाही, ती बेरजेत धरलीच गेलेली नाही. SUM ला सेलमध्ये आकड्याऐवजी मजकूर दिसला की तो काही न बोलता पुढे जातो, म्हणून एरर येत नाही. मीनल, रिकाम्या सेलमध्ये ही दोन सूत्रं घाल:

```
=COUNT(B2:B8)
=COUNTA(B2:B8)
```

पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेला प्रत्येक सेल. दोन्ही ७ आली तर चिन्ह तपास. पहिलं ६ आलं तर एक नोंद मजकूर आहे. सहलीचा परतावा बँकेच्या पानावरून कॉपी केला होता ना?

मीनल:
६ आणि ७. B6 कॉपी केलेलाच आहे. पण तो बाकीच्यांसारखाच उजवीकडे चिकटलेला दिसतो.

हेमंत:
सेल निवडून फॉरमॅट "नंबर" करा. झालं काम.

विद्या:
हेमंत, नुसतं फॉरमॅट बदलून आत पडलेला मजकूर आकडा होत नाही. पण ते आधी करावं लागतं, हे बरोबर. सेल "टेक्स्ट" फॉरमॅटमध्ये राहिला तर दुरुस्त केलेली रक्कमही मजकूरच राहते.

उजवीकडे दिसतो कारण कोणीतरी अख्ख्या कॉलमला उजवी बाजू लावली आहे. एरवी मजकूर डावीकडे जातो आणि चोर लगेच सापडतो.

कॉपी केलेल्या रकमेत बहुधा कीबोर्डवरचं वजा चिन्ह नसतं, त्याच्यासारखंच दिसणारं छापाईचं असतं. कधी रकमेपाठी न दिसणारी मोकळी जागाही येते. शेजारच्या सेलमध्ये हे घाल, दोन्ही जातात:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B6,UNICHAR(8722),"-"),UNICHAR(160),""))
```

−६० आलं की B6 मध्ये कीबोर्डने तेच टाइप कर. #VALUE! आलं तर आत आणखी काहीतरी आहे. मग सेल पुसून रक्कम नव्याने लिहिलेली बरी.

प्रकाशकाका:
आमच्या वाचनालयाच्या हिशेबात जमेचा कॉलम वेगळा आणि खर्चाचा वेगळा आहे. खर्च वजा चिन्हाने लिहिलाय आणि खाली =SUM(C2:C30)-SUM(D2:D30). शिल्लक भलतीच जास्त येते. हेच झालं असेल का?

विद्या:
नाही काका, तुमच्याकडे वजा दोनदा होतंय, म्हणून खर्च जमेत जातोय. खर्च साध्या आकड्यांत लिहा किंवा सूत्रातलं वजा काढून अधिक करा. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा चुकेल.

अनिल (खजिनदार):
कृपया मूळ शीटला कोणी हात लावू नका, मी प्रत काढून देतो. B6 मीच दुरुस्त करीन.

आणि या निमित्ताने एक: ७८० ही बँकेतली वाढ आहे, सहलीचं उत्पन्न नव्हे. जमा ११००, परतावे १००, म्हणून वर्गणी १०००. −२२० ही गल्ल्यासाठी काढलेली रोकड आहे, ती खर्च नाही. ती रोकडवहीत जमेला दिसली पाहिजे.

सुहास:
मग अहवालात वर्गणी ११०० दाखवून परतावे खाली वेगळे का नाही? किती जणांनी नाव मागे घेतलं ते दिसायला हवं.

अनिल (खजिनदार):
गेल्या सभेत निव्वळ दाखवायचं ठरलं होतं.

सुहास:
ते देणग्यांपुरतं ठरलं होतं. इतिवृत्त बघा.

मीनल:
B6 प्रतीवर दुरुस्त केला. SUM ७८०, COUNT ७. रोकडवहीत मात्र मला २२० ऐवजी २०० दिसतायत. अनिलदादा, उरलेले २० कुठे लिहिलेत?