‘हिमोलाइज्ड’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘शिळा नमुना’ चालेल का?

शब्दवेडा: रुग्णांसाठीच्या पत्रकाचं भाषांतर करतोय. साखरेच्या रिपोर्टखाली तीन शेरे येतात: हिमोलाइज्ड, लायपेमिक आणि नमुना उशिरा मिळाला. पहिल्यासाठी ‘रक्त नासलं’ लिहिलंय. आणि तिसऱ्यासाठी ‘शिळा नमुना’?

नळीवाली: नासतं ते दूध. इथे तांबड्या पेशी फुटतात, बहुतेकदा रक्त जोरात ओढल्यामुळे किंवा नळी खसाखसा हलवल्यामुळे. सीरम लालसर दिसतं. ‘पेशी फुटलेला नमुना’ लिहा. लॅबमध्ये आम्ही सरळ ‘सॅम्पल हिमोलाइज झालं’ म्हणतो.

आगंतुक: म्हणजे पेशीतली साखर बाहेर येऊन आकडा वाढतो.

नळीवाली: पेशीत साखरेचा साठा नसतो हो. ऑक्सिडेज पद्धतीत साखरेपासून पेरॉक्साइड बनतं आणि त्यातून येणारा रंग मोजतात. फुटलेल्या पेशींतलं कॅटलेज ते पेरॉक्साइड फस्त करतं, म्हणून आकडा उलट कमी येऊ शकतो. हेक्सोकायनेज पद्धतीत हा त्रास बराच कमी.

दुधाळ: माझ्या रिपोर्टवर लायपेमिक होतं, ट्रायग्लिसराइड 1400. म्हणजे साखरही वाढलेली धरायची का?

नळीवाली: नाही, तो शेरा नमुन्याबद्दल आहे. चरबीमुळे सीरम गढूळ असलं की प्रकाश विखुरतो आणि यंत्राचं वाचन डळमळतं. चूक कुठल्या बाजूला जाईल हे पद्धतीवर आणि रसायन घालण्याआधीचं कोरं वाचन वजा करतात की नाही त्यावर ठरतं.

शब्दवेडा: मग ‘शिळा’चं काय?

नळीवाली: मला आवडला. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के. उपाशीपोटी खरी साखर 130 आहे आणि नळी तीन तासांनी सेंट्रिफ्यूजला लागली, तर रिपोर्टवर 105 ते 111च्या आसपास येईल. मधुमेहाची रेघ 126ला आहे. माणूस रेघेच्या अलीकडे येऊन बसला, आणि सीरम दिसायला अगदी स्वच्छ! लालसर किंवा दुधाळ नमुना निदान डोळ्यांना दिसतो. हा फक्त रक्त काढल्याची आणि नळी फिरवल्याची वेळ ताडून कळतो. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर घट आणखी जलद.

आगंतुक: म्हणून तर करड्या टोपणाची नळी. फ्लोराइड घातलं की साखर जागच्या जागी गोठते.

नळीवाली: अर्धं बरोबर. फ्लोराइड इनोलेज या एन्झाइमला अडवतं, आणि ते साखर मोडण्याच्या साखळीत बरंच शेवटी येतं. वरच्या पायऱ्या तास-दोन तास साखर ओढतच राहतात. त्यानंतर आकडा स्थिरावतो, पण तेवढ्यात गेलेली साखर परत येत नाही. सायट्रेटनं नळी आम्ल केली तर वरच्या पायऱ्या लगेच थांबतात. नाहीतर नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करायचा.

दुधाळ: पण ‘शिळा’ वाचून लोकांना वाटेल कालचं रक्त वापरलं.

शब्दवेडा: हो, तीन तासांना शिळं कोण म्हणतं! ‘उशिरा वेगळा केलेला नमुना’ लिहितो. लांबलचक आहे, पण निदान खोटं नाही. ‘लायपेमिक’वर मात्र अडलोय. ‘दुधाळ’ लिहू की ‘स्निग्ध’?

दुधाळ: ‘स्निग्ध’ नको, मला प्रेमळ वाटतं.