प्रतिसाद: रूला 7, रेबा 4

“गाडीखाली उभे राहून डोक्यावर स्क्रू बसवणाऱ्याला रूलात 7, रेबात 4 गुण आले. गणित चुकले का?”

रूला आणि रेबा या कामाच्या वेळच्या शरीरस्थितीला ताणानुसार गुण देणाऱ्या पद्धती आहेत; रूला मुख्यतः हात-मान-धड पाहते, रेबा संपूर्ण शरीर, आणि गुण जितके जास्त तितका धोका जास्त. गणित बरोबर दिसते. दंड 90 अंशांपेक्षा वर, कोपर जवळजवळ सरळ, मनगट 15 अंशांहून अधिक वाकलेले आणि हत्यार दोन किलोपेक्षा हलके, असे धरले, तर रूलात हाताचे 4 गुण होतात. मान मागे झुकली की तिला एकदम 4 गुण मिळत असल्याने, धड ताठ असूनही मान-धड-पायांचे 5 होतात. हालचाल मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा होत असल्याने दोन्हींत एकेक वाढून 5 आणि 6 होतात व तक्त्यात 7 निघतात.

रेबा त्याच मानेला फक्त 2 देते. धड ताठ, दोन्ही पाय टेकलेले, म्हणून मान-धड-पायांचा गट 1 वरच राहतो; हाताचे 6 असूनही तक्त्यात 3 निघतात आणि पुनरावृत्तीचा 1 मिळवून 4 होतात. वाकणे, उचलणे नसलेल्या अशा कामाच्या जागी मी रूलाच ग्राह्य धरेन. मात्र कोन समोरून काढलेल्या छायाचित्रावरून मोजले असतील, तर बाजूने पुन्हा मोजावेत, कारण समोरून मानेचा मागचा झुकाव दिसतच नाही.