फुग्यात मराठी मावेना: अक्षर लहान करायचं की वाक्य कापायचं?

गिरगावकरीण: एक जपानी कॉमिक मराठीत करतेय. फुगे उभे आणि अरुंद. 'इतकं समजावून सांगितल्यावरसुद्धा तू तिथे गेलास?' हे काही केल्या बसत नाही. आणि आवाजांचं काय करता? 'धप्प' तिरकं लावलं की वाचताच येत नाही.

ठाण्याचा_बाब्या: अक्षर दोन पॉइंट लहान कर, ओळी जवळ घे. इंग्रजीवाले तेच करतात. वाक्य कापणं म्हणजे लेखकावर अन्याय.

परळकर: बाब्या, ओळी जवळ घेतल्यास की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. इंग्रजी कॉमिकात सगळी कॅपिटल अक्षरं, त्यांना वर-खाली काही लटकत नाही, म्हणून त्यांचं जमतं. आणि एकाच फुग्यात अक्षर बारीक झालं तर वाचणाऱ्याला वाटतं, पात्र कुजबुजतंय.

जपानी वरून खाली लिहितात, म्हणून फुगा उभा. म्हणजे उंची भरपूर आहे, अडतोय तो फक्त 'सांगितल्यावरसुद्धा'. प्रत्यय सोडव, एका वाक्याची दोन कर:

तुला
सांगितलं
होतं ना?
तरी
गेलास?

'इतकं समजावून' गेलं, पण राग राहिला.

ठाण्याचा_बाब्या: राग राहिला, समजावणं गेलं. ती बाई प्रेमाने समजावणारी असेल तर?

परळकर: तर आधीच्या फुग्यात जागा बघायची. नसेल तर गेलंच ते.

लालबागचे_काका: मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फाँट कसले शोधता, ब्रशने लिहा! पाटी केवढी आहे? रेट सांगतो.

गिरगावकरीण: काका, पाटी नाही हो, कॉमिक आहे. आवाजासाठी मी शिरोरेघच काढून बघितली, तर भाऊ म्हणाला, 'घप्प म्हणजे काय?'

परळकर: होणारच. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतला फरक बराचसा शिरोरेघेवरच असतो. रेघ काढू नकोस, तोड. प्रत्येक अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट वेगळ्या लेयरवर घे, डोक्यावर रेघेचा तुकडा ठेव, मग हवं तसं फिरव. 'प्प' मात्र एकत्रच राहू दे. जाड किनार अक्षराच्या बाहेरच्या बाजूने दे, नाहीतर जोडाक्षराची पोटं बुजतात.

ठाण्याचा_बाब्या: एवढा खटाटोप कशाला? जपानी आवाज चित्राचाच भाग आहे. तो ठेवावा, बाजूला बारीक मराठी द्यावं.

गिरगावकरीण: साडेआठच्या लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर ते बारीक वाचून दाखव.

परळकर: त्या बाबतीत मीही पान बघून ठरवतो. आवाज चित्रावरच चढला असेल तर तो पुसून खालचं चित्र नव्याने काढावं लागतं. एक मात्र, 'खाडकन' नको. 'कन' आलं की पुढे क्रियापद हवंसं वाटतं. नुसतं 'खाड!' पुरे.

ठाण्याचा_बाब्या: 'खाड' वाचून मला ठाण्याची खाडी आठवते.